शंभरातल्या एकालाच नवा चेकआउट

समजा, एका ऑनलाइन दुकानाला रोज २०,००० ऑर्डरी येतात आणि पैसे आता नव्या पेमेंट गेटवेमार्फत घ्यायचे ठरले आहे. चाचण्या झाल्या, तरी खऱ्या बँका आणि खरे यूपीआय ॲप कसे वागतील हे आधी कळत नाही. म्हणून जुनी आणि नवी, दोन्ही वाटा कोडमध्ये ठेवतात आणि कोणी कुठून जायचे हे फीचर फ्लॅगवर सोपवतात. फ्लॅगची किंमत कोडबाहेर साठवलेली असते, त्यामुळे ती काही सेकंदांत बदलता येते.

पहिल्या दिवशी नवी वाट एक टक्क्याला. पण चिठ्ठ्या दरवेळी नव्याने टाकायच्या नाहीत, नाहीतर पान रिफ्रेश केले की ग्राहकासमोर दुसराच चेकआउट येईल. ग्राहक क्रमांक आणि फ्लॅगचे नाव जोडून त्याचा हॅश काढतात व ० ते ९९ मधला एक आकडा मिळवतात. तो त्या ग्राहकाला कायम चिकटतो. ज्यांचा आकडा ०, ते नव्या वाटेने. दहा टक्के केले की ० ते ९. फ्लॅगचे नाव मिसळले नाही, तर प्रत्येक प्रयोगाला तेच बिचारे सापडतात!

आता शितावरून भाताची परीक्षा. एक टक्का म्हणजे दिवसाला २०० ऑर्डरी. एरवी ९० टक्के पेमेंट यशस्वी होत असतील, तर १८० अपेक्षित. पण निव्वळ योगायोगानेही हा आकडा १७२ ते १८८ फिरतो. नव्या वाटेने यश ८७ टक्क्यांवर आणले, म्हणजे १७४ झाले, तरी ते लक्षात येणार नाही. दहा टक्क्यांवर मात्र १,८०० ऐवजी १,७४० दिसतील, आणि तिथे योगायोगाची मुभा साधारण २७ ची. थोडक्यात, एक टक्क्यात फक्त ढळढळीत बिघाड सापडतात.

खरा घोळ फ्लॅग बंद करताना होतो. ग्राहक यूपीआय ॲपमध्ये पिन टाकतोय आणि नेमका तेव्हाच कोणी फ्लॅग बंद केला. पैसे कापल्याचा निरोप नव्या गेटवेकडून येतो. सर्व्हर पुन्हा फ्लॅगला विचारतो आणि चौकशी जुन्या गेटवेकडे करतो. तिथे नोंदच नाही. पैसे गेले, ऑर्डर रद्द! म्हणून वाट एकदाच ठरवून ऑर्डरवरच लिहून ठेवायची आणि परताव्यापर्यंत तीच पाळायची. फ्लॅग बंद झाला तरी नव्या गेटवेचे निरोप घेणारा कोड चालूच हवा.

काम झाल्यावर फ्लॅग काढून टाकणे कंटाळवाणे असते, म्हणून राहून जाते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी एक जुना फ्लॅग नव्या कामाला वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नव्हता. तिथे त्या फ्लॅगने वर्षानुवर्षे पडून असलेला कोड जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.