राधा लागतो की लागते?

मराठी शब्दकोडे सोडवणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकावी लागते. कोड्यातल्या एका घरात एक अक्षर बसते, पण ते काना, मात्रा, वेलांटीसकट बसते. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असले तरी त्याला घर एकच. म्हणून ‘ख्याल’ हा शब्द दोन घरांचा आणि ‘तंबोरा’ तीन घरांचा. इंग्रजी कोड्यात सुटे अक्षर मिळते आणि त्याच्या पुढे-मागे पुष्कळ काही बसू शकते. मराठीत उभ्या शब्दातून ‘रा’ मिळाला, तर आडव्या शब्दातही तो ‘रा’च हवा. ‘र’ चालत नाही, ‘री’ तर नाहीच. त्यामुळे मराठी कोड्यातले प्रत्येक मिळालेले अक्षर अधिक मोलाचे असते आणि चुकीचे भरलेले अक्षर अधिक घातक.

ही गोष्ट अशाच एका चुकलेल्या अक्षराची आहे. घडली ती लखनौच्या उत्तरेला, जानकीपुरममध्ये. सीतापूर रोड आणि कुर्सी रोड यांच्या मधल्या या वसाहतीत एक साताऱ्याकडचे कुटुंब राहते. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. नातू अकरा वर्षांचा, जन्मापासून लखनौचा. आजी एकोणऐंशीच्या. यजमान गेल्यावर साताऱ्याचे बिऱ्हाड आवरून त्या मुलाकडे आल्या.

पुण्याला त्यांची मुलगी असते. रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे ती दर आठवड्याला कापून ठेवते आणि महिन्याची चारही कात्रणे एका पाकिटातून आईला पाठवते. पुढच्या आठवड्यात छापून येणारी उत्तरे मात्र ती मुद्दाम पाठवत नाही. आईचीच तशी ताकीद आहे. त्यामुळे जानकीपुरमच्या घरात न सुटलेले कोडे न सुटलेलेच राहते. अशी पाच-सहा कात्रणे आजींच्या बिस्किटांच्या डब्यात पडून आहेत.

कोड्याच्या या तासाला घरात आणखी एक महत्त्व होते. नातू गेले वर्षभर आजीला हिंदीतून उत्तरे देऊ लागला होता. मराठी त्याला सगळी कळे, पण बोलताना जीभ हिंदीकडे वळे. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, क्रिकेटमध्येही हिंदी. आजींनी कधी रागावून सांगितले नाही, सक्तीही केली नाही. आपण त्याच्याशी मराठीच बोलायचे, एवढेच त्यांनी ठरवले होते. पण रविवारी कात्रण पुढ्यात आले की मुलाची अडचण होई. घरे मराठी शब्दांची, त्यामुळे बोलणेही मराठीतच करावे लागे. आठवड्यातला तेवढा एक तास आजी सांभाळून ठेवत.

दोन उत्तरे आणि दोन अर्थ

आजींना कोड्यांची गोडी वडिलांकडून लागली आणि कोड्यांचा संशयही. त्यांच्या लहानपणी बक्षिसांच्या शब्दकोड्यांची मोठी लाट होती. प्रवेश फी भरून कूपन पाठवायचे आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट पाहायची. त्यातली मेख अशी, की एकाच सूत्राला दोन-दोन शब्द सारखेच लागू पडत. समजा, सूत्र आहे ‘हे मोठे असले की माणूस सुखी’ आणि घरात भरायचे आहे ‘_न’. आता ‘मन’ लिहायचे की ‘धन’? दोन्ही बरोबरच. आयोजकांनी आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल ते खरे. म्हणजे बुद्धीचा संबंध थोडा, नशिबाचा फार.

या प्रकाराला 1955 साली केंद्राच्या प्राइज कॉम्पिटिशन्स कायद्याने लगाम घातला. महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देणाऱ्या अशा स्पर्धांवर बंदी आली आणि त्याहून लहान स्पर्धांना परवाना आवश्यक झाला. आर.एम.डी.सी. ही कोडी चालवणारे चमारबागवाला सर्वोच्च न्यायालयात गेले. 1957 साली न्यायालयाने सांगितले, की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसते ती जुगाराच्या जातीची, आणि हा कायदा तशाच स्पर्धांना लागू आहे.

श्लेषाचे सूत्र याच्या नेमके उलट असते. कूपनातल्या कोड्यात अर्थ एक आणि उत्तरे दोन. श्लेषाच्या कोड्यात अर्थ दोन आणि उत्तर एकच. सूत्राचे एक टोक शब्दाच्या एका अर्थाला बांधलेले असते, दुसरे टोक दुसऱ्या अर्थाला. उत्तर तपासायची रीतही त्यातूनच निघते. सापडलेला शब्द सूत्राच्या दोन्ही अर्ध्या भागांत ठेवून वाचायचा. एका भागात फिट्ट बसला आणि दुसऱ्यात लंगडला, तर तो शब्द सोडून द्यायचा, मग तो कितीही आवडलेला असो. चांगल्या श्लेषात नशिबाला जागाच उरत नाही, म्हणून आजींना तो आवडे. उत्तर सापडले की ते सापडले हे आपल्यालाच कळते, पुण्याला विचारावे लागत नाही.

उजवा कोपरा

त्या रविवारी कोडे बहुतेक भरून झाले होते. राहिला होता उजवीकडचा खालचा कोपरा आणि त्यातला दोन घरांचा एक उभा शब्द. सूत्र होते : ‘गवयाला शिकावा लागतो, इतरांना न शिकता येतो.’

वरचे घर आडव्या ‘तंबोरा’मुळे भरलेले, म्हणजे ‘रा’ पक्का. खालच्या घरातून चार घरांचा आडवा शब्द सुरू होत होता. त्याचे सूत्र एकाच शब्दाचे, ‘धांदल’. तिथे आजींनी ‘धावपळ’ लिहिले होते, तेही पेनाने. उभा शब्द झाला ‘राधा’.

खरा घोटाळा इथेच होता. चुकीच्या अक्षराने काहीतरी अर्थहीन तयार झाले असते, तर आजींनी ते लगेच खोडले असते. ‘राधा’ मात्र चांगला ओळखीचा शब्द. चुकीचे उत्तर असे सभ्य कपडे घालून आले की त्याच्यावर संशय घ्यायला जीव धजत नाही. शिवाय ‘धावपळ’च्या उरलेल्या तीन घरांवरून एकही उभा शब्द जात नव्हता, त्यामुळे त्याची चूक दाखवायलाही दुसरे कोणी नव्हते.

“राधा शिकावा लागतो?” नातवाने मोठ्याने वाचून पाहिले.

“तेच तर. राधा असती तर ‘लागते’ म्हटले असते,” आजी म्हणाल्या.

मराठी कोड्यात क्रियापद अशी चुगली करते. ‘शिकावा’ आणि ‘येतो’ या दोन शब्दांनी उत्तर पुल्लिंगी आणि एकवचनी असल्याचे आधीच सांगून टाकले होते. म्हणजे ‘तान’ बाद, ती येते. ‘गाणे’ही बाद, ते येते. उरले सूर, ताल आणि त्यांचे भाऊबंद. आजींनी ‘ताल’ दुसऱ्या अर्ध्यात ठेवून पाहिला. इतरांना ताल न शिकता येतो? मुळीच नाही. लग्नाच्या वरातीत बघावे.

नातू एकदम उडालाच. “ख्याल! आजी, ख्याल! गवैया सीखता है, और हमको तो ऐसे ही ख़याल आता है!”

आजी क्षणभर थांबल्या. पोराने कमाल केली होती. हिंदीत ख्याल शिकावाही लागतो आणि मनात येतोही. दोन घरे, पुल्लिंगी शब्द, दोन्ही अर्धे भाग तंतोतंत. लखनौच्या कोण्या वर्तमानपत्रात हेच सूत्र हिंदीत आले असते, तर ते उत्तर खपून गेले असते. पण मराठी माणसाला विचार येतो, कल्पना येते, शंका तर फारच येते, ख्याल येत नाही. आणि वरचा ‘रा’ तर हलायला तयार नव्हता.

“रीत अगदी बरोबर आहे तुझी,” आजी म्हणाल्या. “फक्त आता मराठीत शोध. गवयाचे काय असते, जे आपल्यालाही येते?”

मुलगा शाळेत गाणे शिकत होता. ज्या शहरात 1926 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय उभे राहिले आणि पुढे भातखंड्यांच्याच नावाने विद्यापीठ झाले, त्या शहरात हे काही नवल नव्हे. मुंबईच्या या माणसाने दहा थाटांत बसवून दिलेली नावे लखनौची मुले आजही घोकतात. तशी ती घोकता घोकताच मुलगा गप्प झाला. राग यमन, राग भूपाली, राग...

“राग,” तो हळूच म्हणाला. मग आजीकडे बघून हसू दाबत त्याने पुढचे वाक्य मराठीतच टाकले, “बाबा म्हणतात ना, जरा गप बस, आजीला राग आलाय!”

हिंदीत रागाचा अर्थ संताप होत नाही. त्याच्या शाळेतल्या कुठल्याही मुलाला हे उत्तर सुचले नसते. ते सुचायला घरात एक मराठी आजी असावी लागते आणि तिला अधूनमधून राग यावा लागतो. शिवाय हा श्लेष एकट्या ‘राग’ शब्दावर उभा नव्हता. ‘येतो’ हे क्रियापदही दोन्हीकडे काम करत होते. पोहता येते तसा गवयाला राग येतो, आणि दूध उतू गेले की सुनेला येतो.

आता उरला तो खालचा ‘धा’. त्या जागी ‘ग’ हवा होता. ‘ग’ने सुरू होणारी, चार घरांची धांदल. आजींनी चष्मा पुसला.

“गडबड!” त्या म्हणाल्या.

नातवाला ते पटेना. “गडबड म्हणजे काहीतरी बिघडलं ना?”

“ती तुमच्याकडे. आमच्याकडे गडबड म्हणजे घाई. सकाळी बसच्या वेळी मी काय ओरडते?”

“‘गडबडीत डबा विसरू नकोस.’”

“मग?”

पेनाने लिहिलेली ‘धावपळ’ खोडता येईना. शेवटी आजींनी चार पांढरे चौकोन कापून, खळ लावून ते त्या घरांवर चिकटवले आणि अक्षरे नातवाकडून लिहून घेतली. ‘ड’ त्याने सवयीने खाली टिंब देऊन काढला. आजींनी काही म्हटले नाही.

कात्रण डब्यात गेले नाही. मुलाने पाठकोऱ्या कागदावर स्वतःचे एक सूत्र तयार केले आणि आत्याच्या नावाने पाकिटात घातले. सूत्र असे : ‘गाडी नको, हे एका शब्दात सांगा. घरे तीन.’ उत्तर मात्र त्याने सोबत पाठवले नाही.