बिनची मुदत संपल्यावर

फेब्रुवारी २०११च्या अखेरीस जीमेलच्या काही वापरकर्त्यांनी मेल उघडला, तर आत काहीच नव्हते. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गायब झाला होता. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलात एक दोष राहून गेला होता. गूगल प्रत्येक मेलच्या प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवते, पण त्या सगळ्या प्रतींपर्यंत तो दोष पोहोचला. फटका बसलेले लोक एकूण वापरकर्त्यांच्या सुमारे ०.०२ टक्के असल्याचे कंपनीने सांगितले. त्यांचे मेल परत आले ते चुंबकीय टेपवरून. टेप यंत्रणेपासून तोडलेल्या, ऑफलाइन होत्या, म्हणून दोष त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही.

ही घटना ऐकून अनेकांना वाटते की गूगलकडे टेप आहेत, म्हणजे आपण निर्धास्त. प्रत्यक्षात ती सोय गूगलच्या स्वतःच्या चुकांसाठी असते. तुमच्या ऑफिसातल्या कुणी मेल पुसला, तर गूगलच्या दृष्टीने ती चूक नव्हे, मालकाने दिलेली आज्ञा आहे. ती पाळणे हे तिचे काम. मधे काही दिवसांची सवलत मिळते आणि त्या सवलतीलाच आपण बॅकअप समजून बसतो.

ही सवलत नेमकी किती? जीमेल आणि गूगल ड्राइव्हच्या बिनमध्ये टाकलेली गोष्ट ३० दिवसांनी आपोआप पुसली जाते. ड्राइव्हच्या बिनमध्ये पूर्वी फाइल कितीही काळ पडून राहायची. ऑक्टोबर २०२०पासून ते बंद झाले. बिन रिकामे झाल्यावर ऑफिसच्या ॲडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्ट ३६५मध्ये ‘डिलीटेड आयटम्स’मधूनही काढलेला मेल साधारणपणे १४ दिवस परत आणता येतो. ॲडमिनने सेटिंग बदलले तर ३० दिवस, त्याहून जास्त नाही. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनची मुदत ९३ दिवसांची आहे.

आता याच्या शेजारी कायद्याची मुदत ठेवून पाहा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे सांभाळायची असतात.

हानी बहुतेकदा त्या क्षणी कळत नाही, हीच खरी अडचण आहे. एक उदाहरण रचून पाहू. सांगलीत बारा माणसांचे एक बांधकाम सल्लागार ऑफिस आहे, सगळा कारभार गूगल वर्कस्पेसवर. मार्चअखेर एक अभियंता नोकरी सोडतो. दर महिन्याचे एका खात्याचे भाडे वाचावे म्हणून ५ एप्रिलला त्याचे खाते डिलीट केले जाते. डिलीट केलेले खाते परत आणायला गूगल २० दिवस देते, म्हणजे २५ एप्रिलपर्यंत. ऑगस्टमध्ये एका ग्राहकाशी बिलावरून वाद होतो. वाढीव कामाला त्याने होकार दिला होता, पण तो मेल फक्त त्या अभियंत्याला आला होता. आता तो कुठेही नाही.

याच ऑफिसात आणखी एक धक्का बसतो. ‘साइट रिपोर्ट’ नावाचा फोल्डर सगळे वापरत होते, पण त्यातल्या कितीतरी शीट त्या अभियंत्याने बनवल्या होत्या. गूगल ड्राइव्हवर फाइलची मालकी ती बनवणाऱ्याची असते; फोल्डर कुणाचाही असो. खाते डिलीट करताना ड्राइव्हच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर करण्याचा पर्याय ॲडमिनसमोर येतो. घाईत तो सुटला, तर मालकाबरोबर फाइलीही जातात. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइलींची मालकी मात्र संस्थेकडे असते, त्यामुळे ऑफिसचे काम तिथेच ठेवणे केव्हाही बरे. मेल दुसऱ्याच्या नावावर करायची तशी सोपी सोय नाही.

‘आमच्याकडे व्हॉल्ट आहे’ असे काही ॲडमिन सांगतात. गूगल व्हॉल्ट हे कायदेशीर चौकशीसाठी माहिती राखून ठेवण्याचे आणि शोधण्याचे साधन आहे. ते बॅकअप नाही, असे गूगल स्वतःच सांगते. खाते डिलीट झाले की व्हॉल्टमधली त्याची माहितीही जाते.

चूक फक्त छोट्या ऑफिसातच होते असे नाही. केपीएमजी या जगड्व्याळ सल्लागार कंपनीत ऑगस्ट २०२०मध्ये जे घडले, त्याची नोंद प्रत्येक ॲडमिनने घ्यावी. मायक्रोसॉफ्ट टीम्समधले संदेश किती काळ ठेवायचे, याचा एक नियम तिथे होता. त्या नियमातून एका कर्मचाऱ्याचे खाते वगळायचे होते. पण बदल त्या एका खात्याऐवजी सगळ्यांना लागू झाला आणि सुमारे १,४५,००० लोकांचे खासगी चॅट पुसले गेले. ते परत आणता आले नाहीत. नियमाने पुसलेली गोष्ट बिनमध्ये पडत नाही. यंत्रणा ती ठरल्याप्रमाणे नष्ट करते. बिन, व्हर्जन आणि नियम हे सगळे एकाच ॲडमिनच्या एकाच लॉगिनमागे असतात. ते लॉगिन चोराच्या हाती लागले, तरी परिणाम हाच.

म्हणून बॅकअपची कसोटी अशी: प्रत दुसऱ्या जागी असावी, तिची किल्ली वेगळी असावी आणि मूळ प्रत पुसली तरी ती तशीच राहावी.

बऱ्याच ऑफिसात एका संगणकावर ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ चालू असते आणि तिथला फोल्डर अधूनमधून हार्ड डिस्कवर कॉपी केला जातो. यात दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे हे सिंक आहे. वर पुसलेली फाइल खालच्या फोल्डरमधूनही जाते. दुसरा जास्त फसवा. गूगल डॉक्स किंवा शीट्समध्ये बनवलेली फाइल त्या फोल्डरमध्ये `.gdoc` किंवा `.gsheet` म्हणून दिसते, पण तिच्यात मजकूर नसतो, केवळ वेबवरच्या मूळ दस्तऐवजाचा पत्ता असतो. हार्ड डिस्कवर हजार फाइली दिसतात आणि एकीतही अक्षर नसते. ओळखायची खूण म्हणजे फाइलचा आकार. दोनशे पानांचा अहवाल एक केबीचा दिसला, तर तो अहवाल तिथे नाही.

सांगलीच्या ऑफिसाने काय करायला हवे होते? फुकट मिळणाऱ्या दोन साधनांत त्याचे काम भागले असते. ड्राइव्हसाठी आरक्लोन नावाचा प्रोग्रॅम आहे. तो गूगल डॉक्स `.docx`मध्ये आणि शीट्स `.xlsx`मध्ये बदलून उतरवतो, म्हणजे मजकूर खरोखर हातात येतो. दर शुक्रवारी चालवायची आज्ञा अशी:

```
rclone copy gdrive: E:\backup\current --backup-dir E:\backup\old\2025-06-06
```

यातला `copy` हा शब्द महत्त्वाचा. त्याच्या जागी `sync` लिहिले, तर वर पुसलेल्या फाइली चालू प्रतीतूनही निघतात. शेवटच्या भागामुळे, एखादी फाइल बदलली असेल तर तिची जुनी प्रत त्या तारखेच्या फोल्डरमध्ये सरकते. कुणी मार्चमध्ये शीटमधले आकडे बिघडवले आणि जूनमध्ये लक्षात आले, तरी फेब्रुवारीची शीट सापडते. शेअर्ड ड्राइव्हची जोडणी वेगळी करावी लागते, आणि गूगल फॉर्म आरक्लोनला उतरवता येत नाहीत. फॉर्मची उत्तरे शीटमध्ये साठवत राहावीत.

मेलसाठी ‘गॉट युअर बॅक’ हे साधन आहे. ते प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल म्हणून उतरवते, पुढच्या वेळी फक्त नवे मेल आणते आणि जीमेलमध्ये पुसलेल्या मेलची आपल्याकडची प्रत काढत नाही.

```
gyb --email office@example.com --action backup
```

थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅमनेही मेल उतरवता येतात, पण त्या मार्गाने गूगल दिवसाला २५०० एमबीच देते. वीस जीबीच्या मेलपेटीला आठ दिवस लागतील, हे हिशेबात धरावे.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. आरक्लोन जोडताना परवानगी किती द्यायची हे विचारले जाते. तिथे `drive.readonly` निवडावे. मग बॅकअपचा संगणक चोरीला गेला किंवा त्यात व्हायरस शिरला, तरी त्या जोडणीतून ड्राइव्हवरचे काही पुसता येणार नाही. हार्ड डिस्क दोन घ्याव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. एक जोडलेली असताना दुसरी ऑफिसाबाहेर, कुलपात. कायम जोडून ठेवलेली एकच डिस्क रॅन्समवेअरच्या पहिल्या तडाख्यात सापडते. डिस्कवर ग्राहकांची कागदपत्रे असणार, तेव्हा ती एन्क्रिप्ट केलेलीच हवी.

ज्यांना आज्ञा टंकण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी तयार व्यवस्था आहेत. सिनॉलॉजीच्या नॅस यंत्रावर गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हींचा बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर वेगळा परवाना न घेता मिळते. मायक्रोसॉफ्ट ३६५साठी वीमची मोफत आवृत्ती दहा वापरकर्त्यांपर्यंत चालते. मायक्रोसॉफ्टनेही २०२४मध्ये आपली सशुल्क बॅकअप सेवा सुरू केली. रिसायकल बिन पुरेसे असते, तर ती विकण्याची गरजच पडली नसती. मात्र ही सेवा मायक्रोसॉफ्टच्याच आवारात राहते. बाहेरच्या प्रतीची गरज तिने संपत नाही. कंपन्यांसाठी आणखी एक अट आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, आणि ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीपासून रोजच्या रोज ठेवावा लागतो. वरची शुक्रवारची पद्धत मेल आणि दस्तऐवजांसाठी आहे. ती या नियमाची जागा घेत नाही.

बॅकअप बिघडतो तेव्हा गाजावाजा होत नाही. एखाद्याने जीमेलचा पासवर्ड बदलला, की मेल वाचायची दिलेली जुनी परवानगी गूगल रद्द करते. पुढच्या शुक्रवारी आज्ञा चालते, चूक दाखवते, काळी खिडकी मिटते आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक माणसाच्या फोल्डरमधल्या सर्वांत नव्या मेलची तारीख पाहावी. ती मागच्या महिन्याची असेल, तर बॅकअप महिनाभर बंद आहे.

आणि परत आणण्याचा सराव करावा. रिकामे चाचणी खाते घेऊन त्यात एका मेलपेटीतले मेल चढवावेत. परत आणलेल्या दस्तऐवजांवर कुणाकुणाशी शेअर केले होते हे उरत नाही, ते पुन्हा करावे लागते. किती वेळ लागतो हे आधी कळलेले बरे, ग्राहक फोनवर ताटकळत असताना नव्हे.

तुमच्या ऑफिसचा ॲडमिन कोण आहे ते शोधा आणि त्याच्याकडे एकच मागणी करा: सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाचा एक मेल आणि त्याने बनवलेली एक शीट उद्या संध्याकाळपर्यंत काढून दाखवा. दोन्ही मिळाली नाहीत, तर याच आठवड्यात दोन हार्ड डिस्क विकत घ्या, आणि पहिली पूर्ण प्रत तयार होऊन तपासली जाईपर्यंत कुठलेही खाते डिलीट करू नका.