स्नायूचं ऊर्जाकारण – लेखांक 6 : क्रिएटिन आत किती शिरतं, हे कोण ठरवतं?

मागच्या लेखात फॉस्फोक्रिएटिन एटीपीची भरपाई किती झपाट्यानं करतं, ते पाहिलं. ते संपूर्ण गणित स्नायूत मुळात क्रिएटिन किती आहे यावर उभं होतं. स्नायूला क्रिएटिन स्वतः बनवता येत नाही. मूत्रपिंड आणि यकृत मिळून ते बनवतात, काही मांस-मासळीतून येतं, आणि दोन्हीकडचं रक्तातून स्नायूपर्यंत पोचतं. स्नायूपेशीच्या पटलातून आत शिरायला त्याच्यासाठी मुख्य वाट एकच आहे: क्रिएटिन-वाहक हे प्रथिन. त्याचं जनुक, एसएलसी6ए8, एक्स गुणसूत्रावर असतं. सेरोटोनिन, डोपामिन आणि गाबा यांचे वाहक याच कुळातले आहेत, आणि या कुळाची कार्यपद्धती ठाऊक असेल तर आजचा विषय निम्मा सुटतो.

रक्तात उपाशीपोटी दर लिटरला साधारण 50 मायक्रोमोल क्रिएटिन असतं. स्नायूपेशीच्या पाण्यात मोकळं क्रिएटिन 10 ते 15 मिलिमोल, म्हणजे बाहेरच्या दोनशे ते तीनशे पट. फॉस्फोक्रिएटिन मी इथे मुद्दाम धरलेलं नाही. फॉस्फेट जोडला गेला की वाहक त्या रेणूला ओळखत नाही, त्यामुळे एकूण साठ्यातला सुमारे 60 टक्के भाग या हिशेबाबाहेर जातो. तरीही दोनशे पट चढण उरतेच, आणि ती चढायला लागणारी ऊर्जा सोडियम पुरवतो.

क्रिएटिनच्या एका रेणूबरोबर वाहक दोन सोडियम आयन आणि एक क्लोराइड आयन आत घेतो. सोडियम बाहेर सुमारे 145 मिलिमोल आणि आत 12 च्या आसपास, म्हणजे उतार बारा पटींचा. आयन दोन असल्यामुळे तो वर्गानं मोजायचा: जवळपास 145. क्रिएटिनवर एकूण विद्युतभार शून्य असतो, तेव्हा दर फेरीला एक धनभार आत जातो. विश्रांतीतल्या स्नायूपेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 85 मिलिव्होल्टनं ऋण असते. हा दाब एका धनभाराला सुमारे चोवीस पट मदत करतो. स्नायूतलं क्लोराइड बहुतांशी याच दाबाशी समतोलात असल्यानं त्याचा उतारही तितकाच, चोवीस पट. 145 गुणिले 24 गुणिले 24 केलं तर उत्तर ऐंशी हजारांच्या वर जातं.

या आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. ऊर्जेच्या बाजूनं पाहिलं तर वाहकाला बाहेरच्या ऐंशी हजार पट क्रिएटिन आत साठवता यायला हवं, आणि प्रत्यक्षात ते आहे दोनशे-तीनशे पट. म्हणजे ऊर्जा तोकडी पडत नाही. धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी कालव्याची मोरी जेवढी उघडी असेल तेवढंच पाणी शेतात येतं. क्रिएटिनची मर्यादा मोरीत आहे, म्हणजे पटलावर कामावर असलेल्या वाहकांच्या संख्येत आणि त्यांच्या फेऱ्यांच्या वेगात. क्रिएटिन पिताना चिमूटभर मीठ घालायचा सल्ला जिममध्ये दिला जातो, तो मला म्हणूनच निराधार वाटतो. पेशीबाहेरच्या सुमारे 14 लिटर पाण्यात जवळपास 2,000 मिलिमोल सोडियम आधीच असतो आणि त्याची पातळी मूत्रपिंड काटेकोरपणे सांभाळतं. मीठ जास्त खाल्ल्यानं ती पातळी फारशी हलत नाही, उलट पाणी साठतं आणि रक्तदाब वाढू शकतो.

सोडियम महत्त्वाचा आहे, पण तो ताटातला नव्हे, पटलाच्या दोन बाजूंमधला. हा उतार सोडियम-पोटॅशियम पंप टिकवून धरतो. एका एटीपीवर तो तीन सोडियम बाहेर टाकतो, म्हणून एका क्रिएटिनमागे दोन-तृतीयांश एटीपी खर्च होतो. पंप अडवला तर काय होतं, हे ओडूम, केम्प आणि रॅडा यांनी 1996 साली संवर्धित स्नायूपेशींवर पाहिलं: वाबेन किंवा डिजॉक्सिन दिल्यावर क्रिएटिनची आवक घटली. ही दोन्ही औषधं त्या पंपालाच रोखतात. त्याच प्रयोगमालेत इन्शुलिननं आवक वाढलेली दिसली.

इन्शुलिनकडे वळण्याआधी वाहकाचा आणखी एक गुण पाहू. त्याला क्रिएटिनची ओढ फार आहे. बाहेर किती क्रिएटिन असताना तो निम्म्या वेगानं चालतो, हे सांगणारा मायकेलिस स्थिरांक अनेक प्रयोगांत 20 ते 100 मायक्रोमोलच्या दरम्यान आलेला आहे. हिशेबासाठी 50 धरू. मग उपाशीपोटीही वाहक निम्म्या वेगानं चालू असतो. पाच ग्रॅम क्रिएटिन घेतलं की तासाभरात रक्तातली पातळी सुमारे 800 मायक्रोमोलवर जाते. हॅरिस, सोडरलुंड आणि हुल्टमन यांच्या 1992 च्या मोजणीत ती तशीच आली होती. पातळी सोळा पट झाली, पण वाहकाचा वेग 50 टक्क्यांवरून 94 टक्क्यांवर गेला, म्हणजे दुप्पटही झाला नाही. निव्वळ साठा मात्र याहून जास्त वेगानं वाढू शकतो, कारण उपाशीपोटीच्या आवकेतला काही भाग बाहेर झिरपणाऱ्या क्रिएटिनची भरपाई करण्यातच जातो. तरी एकाच वेळी पाचाऐवजी दहा ग्रॅम घेतल्यानं वाहकाला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. वरचे पाच ग्रॅम बहुतांशी लघवीत जातात.

सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. त्याचा स्नायू सुमारे 28 किलो. पाणी वगळलं तर साडेसहा किलोच्या आसपास. शुष्क स्नायूत किलोमागे 125 मिलिमोल क्रिएटिन सर्वसाधारण असतं आणि भरून भरून ते 150 ते 160 पर्यंत जातं. 125 वरून 150 व्हायला 25 गुणिले 6.5, म्हणजे सुमारे 163 मिलिमोल लागतात. वजनात ते साधारण 21 ग्रॅम झालं. आता ‘लोडिंग’मध्ये रोज 20 ग्रॅम मोनोहायड्रेट पाच दिवस, एकूण 100 ग्रॅम घेतलं. त्यातलं पाणी वजा केलं तर 88 ग्रॅम क्रिएटिन उरतं. रोज सुमारे दोन ग्रॅम क्रिएटिन आपोआप क्रिएटिनिन होऊन नष्ट होतं. पाच दिवसांची ती दहा ग्रॅमची भरपाई पूर्णपणे याच पुडीतून झाली असं धरलं, तरी 57 ग्रॅम लघवीवाटे जाणार. हे ओळखायचं तर चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं क्रिएटिन मोजावं लागतं. प्रयोगांत ते असंच पहिल्या दिवशी कमी आणि तिसऱ्या दिवशी खूप जास्त निघतं. रक्तातली पातळी तितकीच चढलेली असताना स्नायूचं घेणं मंदावतं.

हे मंदावणं आतल्या साठ्यामुळे होतं. लोइके आणि सहकाऱ्यांनी 1988 साली उंदराच्या आणि माणसाच्या स्नायूपेशी क्रिएटिन घातलेल्या माध्यमात ठेवल्या, तेव्हा चोवीस तासांत त्यांची आवक घसरली. प्रथिननिर्मिती अडवली की ही घसरण लांबत होती, म्हणजे क्रिएटिन आत साठल्यावर पेशी काहीतरी नवं बनवून दार आवळते. ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं गुंतागुंतीचा झाला, कारण वाहक मोजायला वापरली जाणारी काही प्रतिपिंडं प्रत्यक्षात मायटोकाँड्रियातल्या वेगळ्याच प्रथिनांना चिकटत होती. 2004 मध्ये हे स्पष्ट झाल्यावर ‘वाहकांची संख्या घटली’ सांगणारे आधीचे कित्येक निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. माणसांत क्रिएटिन घेतल्यावर वाहकाचा एमआरएनए बदलत नाही, असंही दिसलं आहे. तेव्हा बहुतेक नियंत्रण जनुकाच्या पातळीवर नसून पटलावरच्या ये-जेवर असावं, असं माझं मत आहे.

इन्शुलिनचं काम इथेच लागतं. ओढ वाढवून उपयोग नसतो, कारण ती आधीच भरपूर आहे. इन्शुलिन वाढवतो तो कमाल वेग. दोन वाटा संभवतात. इन्शुलिन स्नायूतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चालना देतो, त्यामुळे पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते आणि दर फेरीचा धनभार सहज आत खेचला जातो. दुसरी वाट एसजीके1 या किनेझची: बेडकाच्या अंडपेशींत वाहक बसवून पाहिलं, तेव्हा या किनेझनं त्याचा प्रवाह वाढवला, आणि इन्शुलिनचा संदेश याच किनेझपर्यंत पोचतो.

माणसांतला नेमका प्रयोग स्टीन्गे आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये केला. क्रिएटिन थेट शिरेतून देऊन त्यांनी इन्शुलिनच्या चार मात्रा वापरल्या. खालच्या दोन मात्रांना स्नायूतल्या साठ्यात लक्षणीय फरक पडला नाही. वरच्या दोन मात्रांना शुष्क स्नायूत किलोमागे अनुक्रमे 4.5 आणि 8.3 मिलिमोलची वाढ झाली. म्हणजे इन्शुलिनचा परिणाम खरा आहे, पण तो भरपेट गोड जेवणानंतरच्या किंवा त्याहूनही वरच्या पातळीला दिसतो. एखाद्या केळ्यानं तो होईल, अशी अपेक्षा ठेवायला या प्रयोगात आधार नाही.

ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तोंडावाटे हेच साधलं. दर पाच ग्रॅम क्रिएटिननंतर अर्ध्या तासानं 93 ग्रॅम साखर, दिवसातून चार वेळा. अर्ध्या तासाचं अंतर समजून घेण्यासारखं आहे: इन्शुलिनचा आणि क्रिएटिनचा शिखरबिंदू एकत्र यावा म्हणून. एकूण क्रिएटिनची वाढ साखर न घेतलेल्या गटापेक्षा 60 टक्क्यांनी जास्त झाली. पण ही रोजची 372 ग्रॅम साखर, जवळपास 1,500 किलोकॅलरी. पुढे स्टीन्गे यांनीच दाखवलं की 50 ग्रॅम प्रथिन आणि 47 ग्रॅम कर्बोदकं एकत्र दिली तरी तितकाच परिणाम मिळतो. तो परिणामही मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत दिसला. साठा वर गेला की इन्शुलिनचा आवाज पेशी कमी ऐकते.

म्हणून शाकाहारी वाचकांच्या बाबतीत गणित थोडं वेगळं असतं. आहारातून क्रिएटिन जवळपास येत नसल्यानं त्यांचा साठा सहसा खालून सुरू होतो, आतला ब्रेक सैल असतो, आणि त्याच मात्रेत वाढ जास्त होते. हॅरिस यांच्या प्रयोगातही मुळात कमी साठा असलेल्यांची वाढ सर्वांत मोठी होती. एका पायानं व्यायाम करवला, तर त्याच पायात जास्त क्रिएटिन जमा झालं.

इन्शुलिननं काय बदलतं, तर पोचण्याचा वेग. छत बदलत नाही. हुल्टमन यांनी 1996 मध्ये रोज तीन ग्रॅम क्रिएटिन 28 दिवस दिलं, तेव्हा स्नायूतला साठा सहा दिवसांच्या 20 ग्रॅमी लोडिंगइतकाच झाला. पुढच्या आठवड्यात स्पर्धा नसेल, तर साखरेचे पेले ओतायची गरज नाही. मधुमेह असेल किंवा त्याच्या उंबरठ्यावर असाल, तर ते करूच नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिन सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आणि काही शरीरसौष्ठवपटू बाहेरून इन्शुलिन टोचून घेतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: या लेखातला कोणताही आकडा त्याचं समर्थन करत नाही. रक्तातली साखर एकदम घसरून त्यातून जीव जाऊ शकतो.