सगळ्यात महागडं पॅकेज फारसं कुणी घेत नाही, तरी ते रेटकार्डवर का असतं?

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. दरवर्षी एखाद्या लाखमोलाच्या किंवा कोटीच्या घोड्याची बातमी होते, त्याच्याभोवती सेल्फीसाठी गर्दी होते. तो घोडा विकला जातोच असं नाही. पण ती किंमत ऐकून पुढे गेलेल्या माणसाला शेजारच्या दावणीतल्या घोड्याचे दीड लाख थोडे कमी वाटायला लागतात. घोडा तोच, बदलला तो फक्त आधी कानावर पडलेला आकडा.

बाजारात हे आपोआप घडतं. रेटकार्डवर ते ठरवून केलं जातं.

आकडा डोक्यात अडकतो कसा?

१९७४ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक चक्र फिरवलं जायचं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय आधीच केलेली होती. मग प्रश्न विचारला जायचा, की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? १० पाहिलेल्यांचा अंदाज साधारण २५ होता, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता, तरी उत्तर त्या आकड्याकडे सरकलं. याला 'अँकरिंग' म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. होडी थोडी इकडेतिकडे हलते, पण नांगरापासून फार लांब जात नाही.

रेटकार्डवर याच्या जोडीला आणखी एक सवय काम करते. तीन पर्याय दिसले की आपण टोकाचे दोन टाळतो. सगळ्यात स्वस्त घेतलं तर लोक काय म्हणतील, सगळ्यात महाग घेतलं तर पैसे उधळले म्हणतील, मग मधलं बरं.

१९९२ मध्ये इटामार सायमनसन आणि ट्वर्स्की यांनी हे कॅमेऱ्यांवर तपासलं. सुमारे १७० आणि २४० डॉलरचे दोन मिनोल्टा कॅमेरे दाखवले, तेव्हा निवड निम्मी-निम्मी झाली. दुसऱ्या गटाला याच दोघांसोबत सुमारे ४७० डॉलरचा तिसरा कॅमेरा दाखवला. या वेळी २४० वाला ५७ टक्के लोकांनी निवडला आणि स्वस्त कॅमेरा ५० वरून २२ टक्क्यांवर आला. महागडा कॅमेरा २१ टक्के लोकांनीच घेतला, पण त्याने मधल्याची विक्री वाढवली.

शहाद्यातलं एक रेटकार्ड मांडून बघू

लग्नाचे फोटो हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. समजा, शहाद्यातल्या एका स्टुडिओकडे दोनच पॅकेज आहेत. सिल्व्हर २०,००० रुपयांचं, त्यात साधे फोटो, व्हिडिओ आणि अल्बम. गोल्ड ३५,००० चं, त्यात कँडिड फोटोग्राफर जास्तीचा आणि अल्बमही मोठा. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुणाचं खरं कार्ड नाही.) सीझनमध्ये ४० ऑर्डर आल्या आणि त्या निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या, तर जमा होतात ११ लाख.

आता स्टुडिओ तिसरी ओळ टाकतो. प्लॅटिनम, ७५,००० रुपये. ड्रोन, सिनेमॅटिक फिल्म, तोरणमाळच्या यशवंत तलावावर प्री-वेडिंग शूट. ही ओळ कार्डावर सगळ्यात वर छापायची, कारण व्हॉट्सॲपवर आलेलं कार्ड माणूस वरून खाली वाचतो.

अगदी सावध अंदाज धरू. प्लॅटिनम एकानेही घेतलं नाही, फक्त सिल्व्हरचे सहा जण गोल्डकडे सरकले. म्हणजे १४ सिल्व्हर, २६ गोल्ड. जमा ११ लाख ९० हजार. नव्वद हजार जास्त आले, पण ते सगळे नफ्याचे नाहीत. गोल्डसाठी दुसऱ्या फोटोग्राफरचे आणि मोठ्या अल्बमचे मिळून ८,००० जास्त लागत असतील, तर दर ग्राहकामागे हातात ७,००० उरतात. सहा जणांचे ४२,०००. तेही एक ओळ छापण्याच्या बदल्यात.

आधी ३५,००० ची तुलना २०,००० शी व्हायची आणि प्रश्न असायचा, 'पंधरा हजार जास्त कशाला?' आता वधूपिता घरी सांगतो, 'पंचाहत्तरचं होतं, आपण पस्तीसमध्ये केलं.' खर्चाचा आकडा तोच, पण आता तो बचतीसारखा ऐकू येतो.

फसतं कुठे?

वरचा आकडा खरा वाटावा लागतो. त्याच कार्डावर प्लॅटिनम पाच लाखांचं टाकलं, तर लोक ती ओळ सोडून देतात किंवा 'हा स्टुडिओ आपल्यासाठी नाही' म्हणून फोनच करत नाहीत. हे ओळखायला साधी वही पुरते. चौकशा किती आणि ऑर्डर किती, दोन्ही लिहायच्या. कार्ड बदलल्यावर चौकशाच घटल्या तर वरचा आकडा घाबरवतोय. चौकशा तेवढ्याच, पण लोक सिल्व्हरलाच चिकटून असतील, तर दोष गोल्डमध्ये आहे. त्यात १५,००० चं काय जास्त मिळतं हे दिसत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. प्लॅटिनम दाखवण्यापुरतंच ठेवलं आणि एखाद्याने खरंच मागितलं तर? २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. असा माणूस हाताशी नसताना ड्रोन कार्डावर छापणं म्हणजे जे देता येत नाही त्याची जाहिरात करणं. महाग पर्याय ठेवणं ही दुकानदारी झाली. नसलेला पर्याय ठेवणं ही फसवणूक आहे, आणि माझ्या मते या दोन्हींत गल्लत करू नये.

ग्राहकाच्या बाजूने तपासायचं असेल तर कार्डावरची सगळ्यात महाग ओळ अंगठ्याने झाका आणि उरलेल्या दोन वाचा. गोल्ड अजूनही घ्यावंसं वाटतंय का? वाटत असेल तर खुशाल घ्या, मोठ्या अल्बमची हौस खरी असू शकते. नसेल, तर तुम्ही फोटोंचे नाही, प्लॅटिनमशी झालेल्या तुलनेचे पैसे देत होता.

जिथे हे चालत नाही

लग्नाचा अल्बम माणूस आयुष्यात एक-दोनदा घेतो, त्यामुळे त्याचा भाव कुणाला पाठ नसतो. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं तसं नाही. कालचा भाव, परवाचा भाव, ओल्या मिरचीचा वेगळा, सुक्या मिरचीचा वेगळा, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. त्याचा नांगर आधीच पक्का रोवलेला आहे, तो कुणाच्या छापील आकड्याने सहज हलत नाही.

आणि महाराष्ट्रातल्या कित्येक गुरांच्या बाजारांत तर किंमत उच्चारतच नाहीत. दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून सौदा ठरवतात. बाजूला उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला आकडा कळत नाही, म्हणजे त्याच्या डोक्यात नांगर टाकायला काही उरतच नाही.