तसबिरीचा फोटो, चमकेविना

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. तिथली वार्निश दिलेली छापचित्रे काचेच्या चौकटीत घरोघरी लागली. अशा तसबिरीचा फोटो घेताना:

- चमकेचे कारण: प्रकाश काचेवर ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परततो. म्हणून समोरच्या फ्लॅशचा पांढरा ठिपका चित्रावर उमटतो.
- प्रकाश: फ्लॅश व खोलीतले दिवे बंद ठेवावेत. खिडकीचा उजेड बाजूने, सुमारे ४५ अंशांत यावा.
- फोनचे प्रतिबिंब: काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून फक्त लेन्स बाहेर ठेवावी. फोन चित्राला समांतर धरावा.
- काच: काढल्यास काचेची चमक जाते, वार्निशची उरते. पनवेलसारख्या दमट हवेत चित्र काचेला चिकटले असल्यास ओढू नये, रंग सुटतो. तेव्हा फोटो काचेतूनच घ्यावा.