पाटीवर 'ओसरी' की 'लेक व्ह्यू'?

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून साम्रदकडे जाणारा रस्ता. तिथल्या एका कुटुंबाने, समजा, पाहुण्यांसाठी दोन खोल्या तयार केल्या आहेत. कौलारू छप्पर, सारवलेली ओसरी, चुलीवरची भाकरी, आंघोळीला बंबातलं पाणी, आणि संडास घराला लागून, पण बाहेरून. आता फक्त पाटी रंगवायची राहिली. घरातल्या तरुण मुलाच्या डोक्यात नावही तयार आहे: 'लेक व्ह्यू रिसॉर्ट'.

घोळ 'रिसॉर्ट'पासूनच सुरू होतो. हा शब्द वाचला की मुंबई-पुण्याचं कुटुंब पोहण्याचा तलाव आणि बुफे गृहीत धरतं. 'व्हिला' म्हटलं की अख्खं घर आपल्या ताब्यात, घरमालकाने फिरकायचंही नाही. 'कॅम्प' म्हणजे तंबू, शेकोटी आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. नाव चुकलंय हे फोनवरच कळतं. "स्पीकर लावला तर चालेल ना?" असं लोक पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर दोष विचारणाऱ्यांचा नाही, पाटीचा आहे.

'लेक व्ह्यू'ची अडचण वेगळी. पावसाळ्यात या भागात ढग थेट अंगणात उतरतात. दहा पावलांवरचं झाड दिसत नाही, तिथे जलाशय कुठून दिसणार? 'काजवा' हे नाव गोड खरं, पण काजव्यांचा बहर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा. डिसेंबरात आलेली मुलं काजवे मागणारच. 'निवांत', 'शांतीवन' यांतही धोका आहे. गावात पहाटे कोंबडा आरवतो, गोठ्यात घंटा वाजतात, जत्रेत ढोल घुमतो. हॉर्नचा आवाज नसणं आणि आवाजच नसणं यांत फरक आहे, आणि नाव दुसऱ्या गोष्टीचं वचन देऊन बसतं.

त्यापेक्षा घराच्याच एखाद्या भागाचं नाव घ्यावं. 'ओसरी' वाचल्यावर टेकून बसलेली माणसं आणि हातातला चहा डोळ्यांपुढे येतो, एसी येत नाही. हे नाव बाराही महिने खरं राहतं. रोमन लिपीत Osari असं सरळ लिहिता येतं, हा आणखी एक फायदा. 'पडवी'ही चांगलं, मात्र नंदुरबारकडे, तोरणमाळच्या डोंगरात, पाडवी हे आडनाव आहे, त्यामुळे रोमन लिपीत लिहिल्यावर तिथे ती घरमालकाच्या नावाची पाटी वाटेल.

'ओसरी' नावाची घरं इतरत्रही असणार, म्हणून गावाचं नाव जोडावं. आणि पाटी रंगवण्याआधी एक छोटी परीक्षा घ्यावी: शहरातल्या चार ओळखीच्यांना फोनवर नुसतं नाव सांगायचं आणि तिथे काय काय असेल असं वाटतं ते विचारायचं. उत्तरात तलाव किंवा रूम सर्व्हिस आली तर नाव बाद.

'ओसरी, घरगुती मुक्काम, साम्रद' अशी पाटी लागली तरी संडास बाहेरून आहे, हे बुकिंगच्या फोनवर सांगावंच लागेल. पण त्या फोनवर स्पीकरऐवजी, भाकरी तांदळाची असते की नाचणीची, अशी चौकशी व्हायला लागली, तर पाटीचा खर्च वसूल झाला म्हणायचा.