बँक गॅरंटीचं पत्र: तीन गोष्टी तारखेसकट लिहा

परवा एका ओळखीच्या कंत्राटदाराचं पत्र पाहिलं. 'परफॉर्मन्स गॅरंटी द्यावी, मुदत दीड वर्ष.' दीड वर्ष कधीपासून? बँकेने पत्र परत पाठवलं.

एक उदाहरण घेऊ. रस्त्याचं काम 2 कोटींचं, टेंडरमध्ये गॅरंटी 5 टक्के, म्हणजे 10 लाख. रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही लिहा.

आता मुदत. काम 31 मार्च 2026 ला संपणार, दोषदायित्व कालावधी 12 महिने, त्यापुढे टेंडरने मागितलेले 60 दिवस. तारीख येते 30 मे 2027. पत्रात हीच तारीख लिहा.

सगळ्यात जास्त गोंधळ क्लेम पिरियडचा. चूक मुदतीत घडली, पण खात्याचं मागणीपत्र निघायला वेळ लागला, तर ते बँकेत पोहोचवायला मिळणारा हा जादा अवधी. टेंडरने तीन महिने सांगितले असतील तर लिहा:

'गॅरंटी 30 मे 2027 पर्यंत वैध राहील. लेखी मागणी 30 ऑगस्ट 2027 पर्यंत स्वीकारावी.'

बऱ्याच बँका क्लेम पिरियडचंही कमिशन लावतात, म्हणून दर ठरवतानाच हे विचारून घ्या.

पत्रासोबत वर्क ऑर्डर आणि टेंडरमधला गॅरंटीचा नमुना जोडा. बँकेच्या स्वतःच्या नमुन्यात गॅरंटी काढली आणि खात्याने ती नाकारली, तर दुरुस्तीत दिवस जातात.

दोषदायित्व कालावधी संपून गॅरंटी मोकळी झाल्यावर मूळ गॅरंटी खात्याकडून परत घेऊन बँकेत जमा करा, म्हणजे अडकलेली मार्जिनची रक्कम सुटायला अडचण येत नाही.

तुमच्या टेंडरमधलं कलम समजत नसेल तर कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.